नव्व्याण्णव टक्के, पण कशाचे?

विद्यापीठाच्या खरेदी समितीपुढे येणाऱ्या वस्तू बहुधा मोजूनमापून घेता येण्यासारख्या असतात. प्रयोगशाळेचे सूक्ष्मदर्शक, वसतिगृहाच्या गाद्या, उत्तरपत्रिकांचा कागद यांचा नमुना मागवता येतो, जाडी वा वजन तपासता येते, दरपत्रकांचा तुलनात्मक तक्ता मांडता येतो आणि पुढे लेखापरीक्षकाने शंका काढलीच तर तिला उत्तरही देता येते. अलीकडे मात्र या समित्यांपुढे एक वेगळ्याच जातीची वस्तू येऊ लागली आहे. विद्यार्थ्याने सादर केलेला निबंध वा प्रकल्प त्याने स्वतः लिहिला की चॅटजीपीटीसारख्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून लिहवून घेतला, हे ओळखून देणारी संगणकप्रणाली, म्हणजे डिटेक्टर. तिचा संपूर्ण विद्यापीठासाठी वार्षिक परवाना घ्यावा, अशी विक्रेत्यांची विनंती असते. या वस्तूचा नमुना हातात घेऊन पाहता येत नाही. ती काय विकते, तर निवाडा; आणि तो निवाडा एखाद्या विद्यार्थ्याच्या वर्षाचे भवितव्य ठरवू शकतो.

प्रस्तुत लेखक अशा एका समितीचा सदस्य आहे. विक्रेत्याच्या प्रतिनिधीने आमच्यापुढे प्रात्यक्षिक केले, पडद्यावर दोन उतारे चढवले आणि दोन्हींचा निकाल बरोबर आला. 'अचूकता नव्व्याण्णव टक्के,' असे त्याने सांगितले. सदस्यांनी माना डोलावल्या. तेव्हा लेखा विभागाचे, निवृत्तीला आलेले एक अधिकारी हळूच म्हणाले, "साहेब, नव्व्याण्णव टक्के म्हणजे कशाचे टक्के?" प्रतिनिधीने पुन्हा तीच आकडेवारी सांगितली, प्रश्नाचे उत्तर मात्र मिळाले नाही. तो प्रश्न किती मर्मावर बोट ठेवणारा होता, हे घरी येऊन कागद-पेन्सिल घेतल्यावर ध्यानात आले.

दोन चुका, दोन हिशेब

अशी प्रणाली दोन प्रकारे चुकू शकते. यंत्राकडून लिहवून घेतलेला मजकूर तिच्या नजरेतून निसटतो, ही एक चूक. आणि विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे लिहिलेल्या मजकुरावर ती आळ घेते, ही दुसरी. या दोहोंची किंमत सारखी नाही. पहिल्या चुकीत एखादा लबाड विद्यार्थी सुटतो. तो आजवरही सुटतच होता. दुसरीत निरपराध विद्यार्थी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. 'अचूकता' हा एकच शब्द या दोन चुका एकत्र कालवून टाकतो आणि त्यामुळे खरेदीदाराला काहीच कळेनासे होते.

हे उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका विद्यापीठात वर्षाला ४०,००० गृहपाठ व प्रकल्प सादर होतात आणि त्यांपैकी दहा टक्के, म्हणजे ४,००० यंत्राकडून लिहवून घेतलेले असतात. आता अशी एक प्रणाली कल्पावी की जी प्रत्येक वेळी 'हे माणसाचेच लेखन आहे' एवढेच उत्तर देते. ती एकही लबाडी पकडत नाही. तरीसुद्धा ४०,००० पैकी ३६,००० वेळा ती बरोबर ठरते. तिची 'अचूकता' नव्वद टक्के भरते! नुसत्या अचूकतेच्या आकड्याची लायकी एवढीच आहे.

याउलट प्रत्यक्षातले उदाहरण घेऊ. चॅटजीपीटी ज्या ओपनएआय कंपनीने निर्माण केले, तिनेच जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचा डिटेक्टर लोकांपुढे ठेवला होता. आपल्या चाचणीत तो यंत्रलिखित मजकुरापैकी केवळ २६ टक्के ओळखतो आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर चुकून आळ घेतो, हे कंपनीने प्रांजळपणे जाहीर केले. आणि अचूकता अपुरी असल्याचे कारण देऊन जुलै २०२३ मध्ये तो मागेही घेतला. हे आकडे आपल्या विद्यापीठाला लावून पाहावेत. ४,००० यंत्रलिखित गृहपाठांपैकी १,०४० पकडले जातील. ३६,००० प्रामाणिक गृहपाठांपैकी ३,२४० वर आळ येईल. म्हणजे ज्या ४,२८० विद्यार्थ्यांना नोटीस जाईल, त्यांतले तीन-चतुर्थांशांहून अधिक निरपराध असतील. आणि गंमत अशी की, या प्रणालीची एकूण 'अचूकता' काढली तर ती साडेचौऱ्याऐंशी टक्के येते.

विक्रेता म्हणेल, ती जुनी गोष्ट झाली. आमची प्रणाली सुधारलेली आहे. ठीक आहे. ती निरपराधांपैकी एकाच टक्क्यावर आळ घेते आणि दोषींपैकी ८५ टक्के पकडते, असे धरू. मग ३,४०० दोषी पकडले जातील आणि ३६० निरपराध अडकतील. नोटीस मिळालेल्यांपैकी साधारण दहात एक निर्दोष. परंतु लबाडीचे प्रमाण दहा टक्के नसून दोनच टक्के असेल तर? तर ८०० दोषींपैकी ६८० सापडतील आणि ३९,२०० प्रामाणिकांपैकी ३९२ जण अडकतील. म्हणजे त्याच प्रणालीने, तिच्यात कसलाही बिघाड झालेला नसताना, नोटीस धाडलेल्यांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक निरपराध ठरतील. विद्यार्थी जितके अधिक प्रामाणिक, तितका प्रणालीचा आरोप कमी विश्वासार्ह, असा हा विचित्र न्याय आहे. वैद्यकीय चाचण्यांच्या बाबतीत डॉक्टरांना हे ठाऊक असते. खरेदी समित्यांना ते ठाऊक करून घ्यावे लागेल.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: अचूकता बाजूला ठेवा, निरपराधांवर आळ येण्याचे प्रमाण किती आणि दोषी निसटण्याचे प्रमाण किती, हे वेगवेगळे लिहून द्या. आणि हे आकडे कोणी, कोणत्या व किती लेखांवर काढले, तेही सांगा. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने हाच हिशेब केला. टर्निटिन कंपनीने एप्रिल २०२३ मध्ये तेथे आपला डिटेक्टर सुरू केला होता आणि खोट्या आळाचे प्रमाण एक टक्का सांगितले होते. विद्यापीठाने पाहिले की, २०२२ साली आपल्याकडे ७५,००० लेख तपासणीसाठी गेले होते. म्हणजे एक टक्का धरला तरी सुमारे ७५० लेखांवर खोटा आळ आला असता. ऑगस्ट २०२३ मध्ये त्या विद्यापीठाने ही सोय बंद केली.

आळ कोणावर येतो?

येथवर आपण असे गृहीत धरले की, खोटा आळ पावसाच्या थेंबासारखा कोणावरही पडतो. वस्तुस्थिती तशी नाही. या प्रणाली कशा चालतात, हे थोडे समजून घेतले पाहिजे. एका शब्दानंतर दुसरा कोणता येईल, याचा अंदाज बांधत ही लेखनयंत्रे मजकूर रचतात. त्यामुळे त्यांच्या गद्यात अनपेक्षित शब्द कमी असतात आणि वाक्यांची ठेवण एकसारखी असते. अनेक डिटेक्टर नेमके हेच मोजतात. पुढचा शब्द सहज ओळखता येत असेल तर मजकूर यंत्राचा, आणि शब्द चकवत असतील तर माणसाचा, असा त्यांचा स्थूल आडाखा असतो.

आता ज्या विद्यार्थ्याने इंग्रजी ही परकी भाषा म्हणून कष्टाने शिकली, त्याचे लेखन आठवावे. त्याचा शब्दसंग्रह मर्यादित असतो. व्याकरण चुकू नये म्हणून तो ठरावीक साच्याची वाक्ये लिहितो. त्याचा पुढचा शब्द कोणालाही ओळखता येतो! स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी 'टोफेल' परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांना देण्यात आले. खोट्या आळाचे सरासरी प्रमाण ६१ टक्क्यांहून अधिक भरले. ९१ पैकी ८९ निबंधांवर कोणत्या ना कोणत्या डिटेक्टरने आळ घेतला. अमेरिकेतील आठवीच्या मुलांचे निबंध मात्र त्याच डिटेक्टरांनी जवळजवळ बिनचूक ओळखले. यावर कडी म्हणजे, टोफेलच्या त्याच निबंधांची भाषा चॅटजीपीटीकडून भारदस्त करून घेतली, तेव्हा आळाचे प्रमाण ११.६ टक्क्यांवर उतरले. स्वतः लिहिणारा अडकतो आणि यंत्राची मदत घेणारा सुटतो!

सात डिटेक्टर त्या वेळचे होते आणि निबंध शंभराच्या आतच होते, हे खरे. नंतरच्या प्रणाली सुधारल्याचा दावा विक्रेते करतात, आणि काहींच्या बाबतीत तो खराही असेल. परंतु तो सिद्ध करण्याची जबाबदारी विक्रेत्याची आहे, आणि सिद्ध करायचा तो आपल्या विद्यार्थ्यांच्या लेखनावर. म्हणून दुसरा प्रश्न: मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या लेखनावर तुमचे आकडे काय आहेत? मराठीत लिहिलेल्या मजकुरावर काय आहेत? ओपनएआयने आपला डिटेक्टर केवळ इंग्रजीसाठीच वापरावा, असे स्वतःच सुचवले होते. ज्या भाषेत चाचणीच झालेली नाही, त्या भाषेच्या निकालाचे पैसे द्यायचे कशाला?

आणखी एक गोष्ट. एक विद्यार्थी तीन वर्षांत तीस गृहपाठ देतो असे धरले, तर एक टक्का दरानेदेखील त्याच्यावर निदान एकदा खोटा आळ येण्याची शक्यता चारात एक इतकी होते. हा हिशेब आळ योगायोगाने पडतो असे मानून झाला. प्रत्यक्षात तो लेखनशैलीवर पडत असल्याने अनेकांवर कधीच पडणार नाही आणि काही थोड्यांवर पुन्हा पुन्हा पडेल. दुसऱ्या वेळी तोच विद्यार्थी समितीपुढे आला की, 'याची सवयच दिसते' असे म्हणायला आपण मोकळे!

जुन्या कपाटातील पुरावा

आमच्या समितीला विक्रेत्याने पंधरा दिवसांसाठी प्रणाली वापरून पाहण्यास दिली होती. माझ्याकडे २०१९ सालच्या वर्गातील काही निबंध जपून ठेवलेले होते. वर्गातच, माझ्यासमोर, हाताने लिहिलेले. त्यांतला ग्रामीण पतपुरवठ्यावरचा एक निबंध, लेखिकेचे नाव वगळून, मी टंकलिखित करून प्रणालीला दिला. उत्तर आले, 'बहुतांशी यंत्रलिखित'. चॅटजीपीटी लोकांना उपलब्ध झाले ३० नोव्हेंबर २०२२ रोजी. निबंध त्याआधी तीन वर्षे लिहिलेला. लिहिणारी मुलगी दुष्काळी तालुक्यातून आलेली. वाक्ये छोटी, साधी, पाठ्यपुस्तकी, पण प्रत्येक वाक्य तिचेच. आज ती एका सहकारी बँकेत नोकरी करते. ती चार-पाच वर्षे उशिरा जन्मली असती तर त्या निबंधाचा जाब तिला कोणापुढे द्यावा लागला असता, या विचाराने मी अस्वस्थ झालो.

एका निबंधावरून निष्कर्ष काढू नये, हे अर्थशास्त्राच्या शिक्षकाला सांगावे लागत नाही. परंतु यातूनच चाचणीचा मार्ग सापडतो. प्रत्येक महाविद्यालयाच्या कपाटांत नोव्हेंबर २०२२ पूर्वीचे प्रकल्प पडून आहेत. ते या नव्या साधनांनी लिहिलेले नाहीत, याविषयी शंका घेण्यास जागा नाही. त्यांतून चिठ्ठ्या टाकून तीनशे निवडावेत. मराठी माध्यमाच्या आणि इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्यांचे असे दोन वेगळे गट केले तर अधिकच चांगले. संकेतस्थळांवर खुले असलेले प्रबंध मात्र घेऊ नयेत, कारण ते प्रणालीच्या शिकवणीतच वापरले गेले असण्याची शक्यता असते. परीक्षेआधीच प्रश्नपत्रिका दिल्यासारखे ते होईल. नावे काढून हे तीनशे लेख समितीने स्वतः प्रणालीतून काढावेत. विक्रेत्याच्या माणसाकडून नव्हे.

निकाल वाचतानाही सावध असावे. तीनशेपैकी एकावरही आळ आला नाही, म्हणजे प्रमाण शून्य, असे नाही. संख्याशास्त्राचा एक सोपा नियम आहे: इतक्या नमुन्यात एकही चूक आढळली नाही, तर खरे प्रमाण तीन भागिले तीनशे, म्हणजे एक टक्क्यापर्यंत असू शकते. तीन लेखांवर आळ आला, तर खरे प्रमाण जवळपास तीन टक्केही असू शकेल. आणि वीस-पंचवीस लेख अडकले, तर पुढे बोलणीच करू नयेत. दोषी पकडण्याची क्षमता पाहायची तर शिक्षकांनी वेगवेगळ्या साधनांकडून शंभरएक लेख तयार करून घ्यावेत आणि त्यांतले निम्मे थोडे हाताने बदलून द्यावेत, कारण हुशार लबाड तसेच करतो.

म्हणून तिसरा प्रश्न: ही चाचणी आम्ही आमच्या लेखांवर करू आणि निकाल समाधानकारक आला तरच पैसे देऊ, हे मान्य आहे काय? ज्याला आपल्या मालाची खात्री आहे, तो नमुना तपासू देतो.

टक्केवारीचा घोटाळा

आपल्याकडे या विषयात एक जादा धोका आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांमुळे 'टक्के' पाहण्याची सवय आपल्या कार्यालयांना लागलेली आहे. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. पुढे चाळीस, साठ आणि त्याहून अधिक, अशा पायऱ्या त्यात आहेत. त्या तपासणीत साम्याचा टक्का म्हणजे अन्यत्र आढळणाऱ्या मजकुराचा वाटा असतो, आणि मूळ मजकूर शेजारी उघडून दाखवता येतो. विद्यार्थी म्हणू शकतो, हे अवतरण आहे, याला तळटीप दिली आहे. डिटेक्टरचा टक्का या जातीचा नाही. कोठे तो 'लेखाचा इतका भाग यंत्राचा वाटतो' असे सांगतो, तर कोठे 'हा लेख यंत्राचा असण्याची मला इतकी खात्री आहे' असे सांगतो. शेजारी उघडून दाखवायला मूळ मजकूर नसतोच. तरीही दोन्ही आकडे एकाच नमुना-पत्रकात, शेजारशेजारच्या रकान्यांत भरले गेले, की लेखनिकाने काय समजावे? एका टक्केवारीसाठी केलेले नियम दुसरीला लावले जातील आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही.

ही भीती काल्पनिक नाही. हरियाणातील एका खाजगी विद्यापीठाने विधी शाखेच्या एका विद्यार्थ्याचे उत्तर ८८ टक्के यंत्रनिर्मित ठरवून त्याला नापास केले. २०२४ साली प्रकरण पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात गेले आणि मग विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केल्यावर ते निकालात निघाले. न्यायालयात उभे राहिले ते विद्यापीठ, प्रणाली नव्हे.

तेव्हा चौथा प्रश्न: तुमच्या टक्क्याचा अर्थ काय आणि आळ आलेल्या विद्यार्थ्याच्या हाती तुम्ही कोणता पुरावा देणार? या क्षेत्रातल्या कंपन्या सूचनापत्रात बारीक अक्षरांत लिहितात की, केवळ या आकड्यावरून कारवाई करू नये. तसे असेल तर ते वाक्य प्रत्येक अहवालाच्या माथ्यावर ठळक छापण्याचे कलम करारनाम्यात घालावे. प्रणालीत बदल केला की आकडे बदलतात. म्हणून प्रत्येक अहवालावर आवृत्तीचा क्रमांक असावा आणि मोठ्या बदलानंतर जुन्या कपाटातील चाचणी पुन्हा करण्याचा हक्क आपल्याकडे राहावा. विद्यार्थ्यांचे लेख किती काळ ठेवले जातील, कंपनी त्यांचा अन्य उपयोग करील काय, हेही लेखी घ्यावे. कारण २०२३ साली संमत झालेल्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अशा माहितीची जबाबदारी विक्रेत्यावर न टाकता ती गोळा करणाऱ्या संस्थेवर टाकली आहे.

परवान्याबाहेरचा खर्च

शेवटचा प्रश्न विक्रेत्याला नव्हे, समितीने स्वतःला विचारायचा आहे. परवान्याचे शुल्क हा या खरेदीचा लहान भाग आहे. आपल्या पहिल्या उदाहरणात, लबाडी दहा टक्के आणि प्रणाली चांगली असे धरून, ३,७६० जणांना नोटीस गेली होती. न्यायाची किमान चाड ठेवायची तर प्रत्येकाचे म्हणणे ऐकले पाहिजे. दोन शिक्षकांनी एकेक तास दिला, तर शिक्षकांचे ७,५२० तास खर्ची पडतील. तेवढ्याच वेळाचा दुसरा उपयोग काय होऊ शकतो? प्रत्येक गृहपाठावर एका शिक्षकाने विद्यार्थ्याला समोर बसवून दहा मिनिटे प्रश्न विचारायचे ठरवले, तर सर्वच्या सर्व ४०,००० गृहपाठांना सुमारे ६,७०० तास लागतात. म्हणजे संशयितांच्या चौकशीला जेवढा वेळ जाईल, त्याहून कमी वेळात प्रत्येक विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा होऊ शकते. आणि 'हे वाक्य तू का लिहिलेस?' या प्रश्नाचे उत्तर तिथल्या तिथे मिळते.

चौकशीला किती वेळ लागेल, हा माझा अंदाज आहे. प्रत्येक विद्यापीठाने आपापले आकडे घालून हिशेब करावा. सर्वच विषयांत तोंडी परीक्षा शक्य नाही, हेही मान्य आहे. परंतु हिशेब केल्याशिवाय खरेदी करू नये, एवढे तरी मान्य व्हावे. आमच्या समितीने वरील चार प्रश्न विक्रेत्याला पत्राने कळवले आहेत आणि उत्तरे लेखी मागवून इतिवृत्तात नोंदवण्याचे ठरवले आहे. लेखा विभागाच्या त्या अधिकाऱ्यांनी पत्रावर एक ओळ स्वतःच्या हाताने जोडली: उत्तरे आल्याखेरीज आर्थिक लिफाफा उघडला जाणार नाही.